आजची चौकशी आणि दोन महिन्यांनंतरचं बुकिंग

पुण्यातल्या एखाद्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातींचा आठवड्याचा अहवाल उघडला की पहिल्या पानावर बहुतेक वेळा एकच आकडा ठळक अक्षरात असतो: सीपीएल, म्हणजे एका लीडमागे झालेला खर्च. मागच्या आठवड्यात तो 520 रुपये होता आणि या आठवड्यात 410 झाला, की जाहिराती छान चालल्या आहेत असं बैठकीत ठरतं आणि बजेट वाढतं. ज्याच्यासाठी हा सगळा खर्च चाललाय ते बुकिंग मात्र त्या पानावर नसतं. ते तिथे असणं शक्यही नाही, कारण आज फॉर्म भरणारं कुटुंब टोकनची रक्कम देईपर्यंत सहा-आठ आठवडे सहज जातात. बुकिंगची वाट बघावी, तर तोवर पुढच्या दोन महिन्यांचं बजेट खर्चून झालेलं असतं. न बघावं, तर हातात उरतो तो सीपीएल.

म्हणून प्रश्न असा आहे: आज किंवा फार तर दोन-तीन आठवड्यांत दिसणारी कोणती खूण दोन महिन्यांनंतरच्या विक्रीबद्दल खरं सांगते? अशी आधी हलणारी खूण म्हणजे लीडिंग इंडिकेटर आणि घटना घडून गेल्यावर मागून येणारा आकडा म्हणजे लॅगिंग इंडिकेटर. ही विभागणी जाहिरातवाल्यांची नाही. 1938 साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चमध्ये वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी शेकडो आर्थिक आकडेमालिका तपासल्या. मंदीतून बाहेर पडताना कोणती मालिका आधी वळते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची कसोटी साधी होती आणि आजही तीच लागू पडते. एखादी मालिका आधी वळायला हवी असं आपल्याला वाटतं म्हणून ती निवडायची नाही. मागच्या प्रत्येक वेळी ती खरोखर आधी वळली होती का, हे तपासून निवडायची. जाहिरातीच्या अहवालांत नेमकं हेच तपासणं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

क्लिक आणि विक्री, दोन टोकं

सर्वात लवकर मिळणारी खूण म्हणजे क्लिक. ती काही मिनिटांत दिसते आणि हजारोंनी मिळते. पण तिच्याबद्दलचा पुरावा निराशाजनक आहे. कॉमस्कोर या मापन कंपनीने 2009 मध्ये अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा डिस्प्ले जाहिरातींवरच्या 85 टक्के क्लिक अवघ्या 8 टक्के लोकांकडून येत असल्याचं दिसलं. म्हणजे क्लिक वाढवणं याचा अर्थ बऱ्याच प्रमाणात त्याच मूठभर क्लिक करणाऱ्यांपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचणं असा होतो.

त्यानंतर ब्रायन डॅलेसँड्रो, क्लॉडिया पर्लिच, फॉस्टर प्रोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने 58 खऱ्या डिस्प्ले मोहिमांवर हाच प्रश्न तपासला. विक्रीचे आकडे थोडे असतात, मग त्यांच्या जागी दुसरी कोणती खूण वापरता येईल? क्लिक करणारे आणि खरेदी करणारे यांच्यात साम्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. उलट ब्रँडच्या वेबसाइटला जाहिरातीवर क्लिक न करताही दिलेली भेट ही खूण उत्तम ठरली. अशा भेटी खरेदीच्या मानाने खूप जास्त असतात आणि भेट देणारे पुढच्या खरेदीदारांसारखे असतात. हे काम डिस्प्ले जाहिरातींवरचं आहे. गूगलवर 'वाकड 2 बीएचके' असं स्वतः टाइप करून जाहिरातीवर बोट ठेवणाऱ्याचा क्लिक वेगळ्या जातीचा असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरं टोक म्हणजे थेट विक्रीच मोजणं. हाच प्रामाणिक मार्ग वाटतो, पण तोही वाटतो तितका सोपा नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी 25 मोठे जाहिरात-प्रयोग एकत्र तपासले. त्यांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. माणसागणिक खरेदीत इतकी तफावत असते, की लाखो लोकांवर प्रयोग करूनही जाहिरात नफ्यात गेली की तोट्यात, हे अनेकदा ठामपणे सांगता येत नाही. महिन्याला चार-पाच फ्लॅट विकणाऱ्या प्रकल्पाने एका महिन्याच्या बुकिंगवरून कोणती मोहीम चांगली ते ठरवायचं, म्हणजे नशिबाला गुण देण्यासारखं आहे.

जाहिरातीच्या जवळची खूण लवकर आणि भरपूर मिळते, पण विक्रीशी तिचं नातं सैल असतं. विक्रीच्या जवळची खूण घट्ट बांधलेली असते, पण ती उशिरा आणि थोडी मिळते. निवड या दोन टोकांच्या मध्येच करावी लागते. नेमकी कुठे, हे प्रत्येक धंद्याने आपल्या जुन्या नोंदींतून शोधायचं असतं.

एका महिन्याच्या दोन मोहिमा

फ्लॅटचं उदाहरण तपशिलात घेऊ. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, पण त्यांचा आकार या धंद्यातल्या माणसाला ओळखीचा वाटेल. एका प्रकल्पाने एका महिन्यात दोन मोहिमांवर दोन-दोन लाख रुपये खर्च केले. पहिली फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची, ज्यात नाव आणि नंबर आधीच भरलेला फॉर्म समोर येतो आणि एका टॅपमध्ये पाठवता येतो. दुसरी गूगल सर्चवरची, जिथे माणूस वेबसाइटवर येऊन किमती आणि नकाशे पाहतो आणि मग चौकशी करतो.

पहिलीतून 500 लीड आल्या, म्हणजे सीपीएल 400 रुपये. दुसरीतून 125 आल्या, म्हणजे 1,600 रुपये. अहवालाच्या पहिल्या पानावर पहिली मोहीम चौपट चांगली दिसते. आता लीड कॉल सेंटरकडे जातात. तिथे फोन उचलला का, बजेट बसतं का, याच भागात घर हवंय का, एवढं विचारून 'क्वालिफाइड' असा शिक्का बसतो. पहिलीतून असे 60 जण निघाले आणि दुसरीतून 50. एका क्वालिफाइड लीडचा खर्च पहिलीत साधारण 3,300 रुपये आणि दुसरीत 4,000. अंतर खूप कमी झालं, पण पहिली अजून पुढेच आहे. बरेच अहवाल इथे थांबतात आणि आपण गुणवत्ता तपासली असं समाधान मानतात.

पुढची पायरी साइट व्हिजिट. रविवारी दुचाकीवर बसून, धूळ खात, सॅम्पल फ्लॅट बघायला प्रत्यक्ष येणं. पहिलीतून 16 कुटुंबं आली, दुसरीतून 28. एका भेटीचा खर्च पहिलीत 12,500 रुपये आणि दुसरीत सुमारे 7,100. क्रम इथे उलटला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे रिव्हिजिट: तोच माणूस आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन दुसऱ्यांदा येतो, स्वयंपाकघरात ओटा कुठे येईल ते बघतो, सोसायटीचा मेंटेनन्स विचारतो. अशा भेटी पहिलीतून 3 आणि दुसरीतून 9. शेवटी दहा आठवड्यांनी बुकिंग मोजली, तर पहिलीतून 1 आणि दुसरीतून 3.

फक्त बुकिंगच्या जोरावर एकाला तीन असा निकाल लावता आला असता का? नाही. एवढ्या छोट्या आकड्यांत उलटं होणंही सहज शक्य होतं. 16 आणि 28 मधला फरक तुलनेने जास्त भरवशाचा आहे आणि तो तीन आठवड्यांत कळतो. रिव्हिजिट विक्रीच्या आणखी जवळची आहे, पण ती कळायला पाच आठवडे लागतात आणि आकडा लहान असतो. त्यामुळे या प्रकल्पासाठी बजेट हलवायला साइट व्हिजिट आणि तो निर्णय पक्का करायला रिव्हिजिट, अशी जोडी माझ्या मते योग्य ठरते. लीड आणि क्वालिफाइड लीड मोजाव्यात, पण त्यांच्यावर पैसा हलवू नये.

अर्थात एका महिन्याच्या दोन मोहिमांवरून हे ठरत नाही. त्यासाठी मागच्या वर्षभरातल्या प्रत्येक महिन्याच्या, प्रत्येक मोहिमेच्या ओळी काढायच्या. प्रत्येक खुणेच्या खर्चानुसार त्यांचा क्रम लावायचा आणि जी खूण बुकिंगच्या क्रमाशी सर्वात जास्त वेळा जुळते ती घ्यायची. हे काम एक्सेलमध्ये दुपारभरात होतं. अडचण हिशेबाची नसून नोंदींची असते. फॉर्म बायकोच्या मोबाइलवरून भरलेला असतो आणि साइट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नवऱ्याचा नंबर लागतो. कधी मधे चॅनेल पार्टनर येतो आणि तोच ग्राहक त्याच्या नावावर चढतो. भेट आणि लीड जुळली नाही, की त्या मोहिमेचा गुण हवेत जातो. म्हणून साइटवरच्या माणसाने घरातल्या दोघांचेही नंबर विचारून लिहून घेणं, हा अहवाल सुधारण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

जाहिरातीचे प्लॅटफॉर्म हे काम आपोआप करून देत नाहीत. मेटाच्या अहवालात नेहमीच्या सेटिंगनुसार क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा एक दिवस, एवढ्याच काळातले परिणाम मोहिमेच्या नावावर लागतात. आठव्या आठवड्यातलं बुकिंग त्या चौकटीत कधीच येणार नाही. गूगल अ‍ॅड्समध्ये बाहेरची विक्री परत चढवता येते, पण क्लिकला 90 दिवस उलटून गेले की तीही स्वीकारली जात नाही. विक्रीचा धागा शेवटपर्यंत धरायचा असेल तर तो स्वतःच्या सीआरएममध्येच धरावा लागतो.

कच्चे आठवडे

खूण निवडली तरी ती वाचताना होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्यासाठी थोडं थांबायला हवं. गूगल अ‍ॅड्स परिणाम मोजतं ते क्लिक ज्या दिवशी झाला त्या दिवसाच्या खात्यात. सोमवारी क्लिक केलेला माणूस पुढच्या शनिवारी चौकशी करतो, पण ती नोंद मागे जाऊन सोमवारवर बसते. म्हणून सर्वात ताजे दिवस नेहमी कमकुवत दिसतात आणि दोन आठवड्यांनी तेच दिवस सुधारलेले दिसतात. ज्या दिवशी चौकशी झाली त्या दिवशी मोजायची असेल तर `Conversions (by conv. time)` हा वेगळा स्तंभ आहे. कोणता स्तंभ लावलाय हे न सांगता मागच्या आठवड्याची घसरण दाखवणारा अहवाल बहुधा घसरण दाखवतच नसतो. तो फक्त अजून न पिकलेला आठवडा दाखवतो.

साइट व्हिजिटचं तसंच आहे. मागच्या नोंदींवरून समजा असं दिसलं, की एका आठवड्यातल्या लीडमधून येणाऱ्या एकूण भेटींपैकी 35 टक्के पहिल्या आठवड्यात होतात, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस 65 टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस 85 टक्के आणि पाचव्यापर्यंत जवळजवळ सगळ्या. आता दोन आठवड्यांपूर्वीच्या लीडच्या तुकडीतून 13 भेटी झाल्या आहेत आणि पाच आठवड्यांपूर्वीच्या तुकडीतून 22. नुसते आकडे शेजारी ठेवले तर काम चाळीस टक्क्यांनी पडलं असं दिसतं. पण 13 ला 0.65 ने भागलं की 20 येतात. म्हणजे तुकडी पूर्ण पिकेल तेव्हा ती जवळपास मागच्या इतकीच असेल. विमा कंपन्या अजून न आलेल्या दाव्यांचा अंदाज याच पद्धतीने बांधतात. जाहिरातीच्या अहवालात मात्र प्रत्येक तुकडीचं वय लिहिलेलं क्वचितच दिसतं.

याच चुकीचं मोठं रूप महिन्याच्या हिशेबात सापडतं. जून आणि जुलैमध्ये सहा-सहा लाख खर्च झाले आणि दर महिन्याला सहा बुकिंग आली, म्हणजे एका बुकिंगमागे एक लाख. ऑगस्टमध्ये खर्च दोन लाखांवर आणला. ऑगस्टमधली बुकिंग जूनच्या चौकशांमधून येणार असल्याने ती सहाच राहिली आणि एका बुकिंगचा खर्च 33 हजारांवर उतरला. ज्या महिन्यात बजेट कापलं त्या महिन्याचा अहवाल सर्वात सुंदर दिसतो. मग ऐन दसऱ्याला साइट ऑफिसमध्ये गर्दी नसते आणि दोष सेल्स टीमवर येतो. चालू महिन्याच्या बुकिंगला चालू महिन्याच्या खर्चाने भागणारा कोणताही आकडा, मग त्याला कितीही रुबाबदार नाव असो, या धंद्यात दिशाभूल करतो.

मुहूर्त, सवलत आणि शोध

एखादी खूण विक्रीच्या आधी हलते, एवढ्याने ती विक्रीबद्दल काही सांगते असं होत नाही. दोन्हींना तिसरंच कारण हलवत असू शकतं. महाराष्ट्रात घराच्या बाबतीत ते कारण पंचांगात असतं. पितृपक्षात लोक फ्लॅट बघतात, भाव विचारतात, पण टोकन द्यायला नवरात्राची वाट बघतात. त्यामुळे भेट आणि बुकिंग यांच्यातलं अंतर तेवढ्या काळात लांबतं. ज्याने वर्षाच्या सरासरीवरून अंदाज बांधला, त्याला पितृपक्षातल्या भेटी वाया गेल्यासारख्या वाटतात आणि दसऱ्याचा आठवडा चमत्कारासारखा वाटतो. गुढीपाडवा आणि अक्षय्यतृतीयेच्या आधीही असाच थोडाफार खोळंबा होतो.

शिवाय मुहूर्त तारखेला बांधलेले नसतात. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करणारा आलेख अशा वेळी सरळ खोटा ठरतो. 2025 चा सप्टेंबर उजळ दिसतो आणि ऑक्टोबर काळवंडतो, आणि जाहिरातीत काहीच बदललेलं नसतं. तुलना करायचीच तर दसऱ्याच्या आधीचा तिसरा आठवडा दसऱ्याच्या आधीच्या तिसऱ्या आठवड्याशी करावी.

सरकारी निर्णयही असाच घोळ घालतात. कोविडनंतर महाराष्ट्र सरकारने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात घरांवरचं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं आणि पुढे मार्च 2021 अखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत ठेवली. त्या महिन्यांत भेटींचं बुकिंगमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण वाढलं असेल, तर त्यात जाहिरातीचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून अशा काळातले महिने नातं शोधायच्या नोंदींतून वगळलेले बरे. याच काळातून आणखी एक गोष्ट दिसते: दस्तावर सह्या झाल्यावर तो नोंदवायला चार महिन्यांची मुदत असते, म्हणून नोंदणीचे सरकारी आकडे हे बुकिंगच्याही बरेच मागून चालतात. बाजार सुधारला की नाही हे नोंदणीवरून ठरवणारा माणूस मागच्या तिमाहीबद्दल बोलत असतो.

नावाने होणारा शोध ही अलीकडच्या वर्षांत सर्वात जास्त चर्चा झालेली खूण. ब्रिटिश जाहिरात-अभ्यासक लेस बिने यांनी 2020 मध्ये 'शेअर ऑफ सर्च' मांडला: एका क्षेत्रातल्या सगळ्या ब्रँडांच्या नावाने गूगलवर जेवढे शोध होतात त्यातला आपला वाटा. मोटारी, वीज-गॅस पुरवठा आणि मोबाइल हँडसेट अशा तीन क्षेत्रांत हा वाटा बाजारातल्या वाट्याच्या आधी हलताना त्यांना दिसला आणि मोटारींत तर हे अंतर वर्षभरापर्यंत जात होतं. मोठ्या, नावाजलेल्या ब्रँडसाठी ही खूण मोलाची आहे. एका प्रकल्पासाठी मात्र गूगल ट्रेंड्स जवळजवळ निरुपयोगी ठरतं. तिथे प्रत्यक्ष संख्या नसून शून्य ते शंभर असा सापेक्ष निर्देशांक मिळतो आणि थोडे शोध असलेलं नाव शून्यावरच पडून राहतं. त्यापेक्षा सर्च कन्सोलमध्ये प्रकल्पाच्या नावाचे इम्प्रेशन आठवड्यानुसार पाहावेत. तिथे सोळा महिन्यांपर्यंतचा इतिहास मिळतो आणि होर्डिंग लागल्यावर किंवा वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीनंतर नाव किती लोकांच्या मनात राहिलं, ते त्यात बरंच स्पष्ट दिसतं.

पण नावाने शोधणाऱ्याला दाखवलेल्या जाहिरातीचं यश हे जाहिरातीचं यश नसतं. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्ह टाडेलिस यांनी ईबेवर स्वतःच्या नावावरच्या शोध-जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा 99.5 टक्के रहदारी खालच्या साध्या निकालांवरून तशीच येत राहिली. अहवालात सर्वात स्वस्त दिसणारी लीड बहुधा याच खात्यातली असते. पहिल्या पानावरच्या सरासरीत ती मिसळू देऊ नये.

शोधाच्या खुणा अचानक बिघडूही शकतात. गूगल फ्लू ट्रेंड्स काही वर्षं अमेरिकेतल्या फ्लूच्या साथीचा अंदाज चांगला देत होतं. 2012-13 च्या हंगामात त्याचा अंदाज सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाला. लोक शोधत होते, पण आजारी होते म्हणूनच शोधत होते असं नव्हतं. निवडलेली खूण दर तिमाहीला पुन्हा तपासायला हवी, ती यासाठी.

बंद करून पाहणं

नुसतं आधी हलणारं आणि खरोखर विक्रीकडे नेणारं यांतला फरक कळण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे जाहिरात हलवून पाहणं. वैद्यकशास्त्राने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणं ही धोक्याची खूण मानली जायची. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके दाबत होती. 1989 मध्ये कास्ट या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा कळलं की ही औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले होते. खूण सुधारली आणि परिणाम बिघडला.

जाहिरातीत याची चाचणी अशी घेता येते. प्रकल्पाचे बहुतेक ग्राहक ज्या दोन-तीन भागांतून येतात त्यापैकी एका भागात चार आठवडे जाहिराती थांबवायच्या, बाकीच्यांत चालू ठेवायच्या. थांबवलेल्या भागातून लीड कोसळतील हे उघड आहे. बघायचं ते भेटींकडे. लीड नव्वद टक्क्यांनी पडल्या आणि भेटी जेमतेम दहा टक्क्यांनी, तर त्या लीडपैकी बऱ्याच जणांना जाहिरातीशिवायही यायचंच होतं, किंवा त्या येणाऱ्याच नव्हत्या. मोबाइलवरचं ठिकाण अचूक नसतं आणि हिंजवडीत काम करणारा माणूस राहतो भलतीकडेच, त्यामुळे भाग शेजारी-शेजारी घेऊ नयेत. बुकिंगच्या आकड्यातून या चाचणीचा निकाल दिसायची अपेक्षाही करू नये, ते तेवढे नसतातच. भेटींपुरता निकाल मिळाला तरी तो वर्षभराच्या आलेखांपेक्षा मोलाचा असतो.

खूण कशी नासते

साइट व्हिजिटवर बजेट हलू लागलं आणि एजन्सीचं मानधनही त्याच्याशी जोडलं, की काही आठवड्यांत भेटी वाढतात. नेण्या-आणण्याला फुकट कॅब दिली जाते, भेटीला येणाऱ्याला मिक्सर किंवा चांदीचं नाणं मिळतं, रविवारची सहल म्हणून लोक येतात. मोजमापाला लक्ष्य केलं की मोजमाप बिघडतं, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनधोरणाबद्दल म्हटलं होतं. ते इथेही तंतोतंत लागू पडतं. बिघाड ओळखायची जागा एकच: पिकलेल्या तुकड्यांमध्ये शंभर भेटींमागे किती रिव्हिजिट झाल्या. बुकिंगची वाट न बघता पाच आठवड्यांत हे कळतं. हे प्रमाण पडू लागलं आणि भेटी वाढतच असतील, तर भेट ही खूण मेली असं समजून तिची व्याख्या कडक करावी. उदाहरणार्थ, स्वतःच्या वाहनाने आलेली आणि किमतीचा कागद मागून नेलेली भेट तेवढी मोजावी.

हीच गोष्ट प्लॅटफॉर्मच्या यंत्रणेलाही लागू आहे. तिला लीड हवी असं सांगितलं तर ती फॉर्म भरणारी माणसं शोधते, भेट हवी असं सांगितलं तर भेट देणारी. म्हणून भेटींची नोंद परत चढवून त्यावर मोहीम चालवावी असा सल्ला सर्रास दिला जातो. पण मेटाच्या यंत्रणेला शिकायला एका अ‍ॅड सेटमागे आठवड्याला साधारण 50 घटना लागतात. आपल्या उदाहरणात महिन्याला मिळून 44 भेटी आहेत. तेवढ्यावर ती चाचपडत राहते आणि खर्च अस्थिर होतो. म्हणून यंत्रणेला द्यायची खूण वेगळी आणि माणसाने बजेट ठरवायची खूण वेगळी असू शकते. छोट्या प्रकल्पाने यंत्रणेला क्वालिफाइड लीड द्यावी, बजेट मात्र भेटींवर ठरवावं. पन्नासचा पल्ला तीही गाठत नसेल तर अ‍ॅड सेट कमी करून घटना एका जागी आणाव्यात.

बुकिंग हाही शेवटचा आकडा नसतो, हे जाता जाता सांगायला हवं. रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. टोकन आणि नोंदणीकृत करार यांच्यामध्ये गृहकर्ज अडतं, मुहूर्त टळतो, घरात मत फिरतं, आणि काही बुकिंग रद्द होतात. एखाद्या मोहिमेची बुकिंग जास्त रद्द होत असतील तर तिचा गुण त्या प्रमाणात कमी धरावा.

मग अहवालात काय असावं? माझ्या मते पहिल्या पानावर दोनच ओळी पुरेत. पहिलीत मागच्या पाच आठवड्यांतल्या लीडच्या प्रत्येक तुकडीचं वय, तिच्या आतापर्यंतच्या भेटी आणि पिकल्यावर अपेक्षित असलेल्या भेटी. दुसरीत दहा आठवड्यांपूर्वी आपण किती बुकिंगचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात किती झाली. वर्षभराच्या नोंदींत शंभर भेटींमागे नऊ बुकिंग होत असतील, तर 44 भेटींवर अंदाज चारच्या आसपास येतो. प्रत्यक्षात दोनही होऊ शकतात आणि सहाही, तेवढी पट्टी अंदाजासोबतच लिहून ठेवावी. अंदाज पट्टीत बसत राहिला तर खूण चांगली आहे. सलग तीन-चार महिने तो एकाच बाजूला पट्टीबाहेर जात असेल, तर खूण किंवा नोंदी यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. सीपीएल शेवटच्या पानावर ठेवावा. तो काढून टाकायची गरज नाही, कारण लिलावात भाव वाढले का हे त्यातून कळतं.

जाहिरातीवर पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या बैठकीत आपल्या एजन्सीकडे एकच गोष्ट मागावी: दहा आठवड्यांपूर्वीचा लेखी अंदाज. तो नसेल, तर त्याच दिवसापासून लिहून घ्यायला सुरुवात करावी.